फेसबुक परत मिळवताना आधार आणि सेल्फी का नाकारले जातात

प्रश्न: मी नेरूळला राहते. माझं फेसबुक अकाउंट कुणीतरी घेतलं आणि ईमेल, मोबाइल नंबर दोन्ही बदलून टाकले. परत मिळवायला आधार कार्ड चार वेळा पाठवलं, चारही वेळा नाकारलं. सेल्फी व्हिडिओ तर मध्येच बंद पडतो आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतं. प्रोफाइलवर माझं माहेरचं नाव आहे, आधारवर लग्नानंतरचं. त्याच अकाउंटवरून माझं घरगुती मसाल्यांचं पेज चालतं. आता काय करू?

उत्तर:

ताई, पाचव्यांदा तेच आधार पाठवू नका. चार वेळा नाकारलं गेलं आहे, म्हणजे फोटो थोडा आणखी चांगला काढून हे सुटेल असं दिसत नाही. आणि सारखे प्रयत्न केले की काही काळ पुढचे प्रयत्नच घेतले जात नाहीत. एक-दोन दिवस थांबा. तेवढ्यात खाली लिहिलेली तयारी करा आणि मग एकदाच, नीट पाठवा.

नकार कुठे येतोय ते आधी ओळखायचं. त्यासाठी घड्याळाकडे बघा. कॅमेरा चालू असतानाच अडलं, तर अडचण तुमच्या फोनची, उजेडाची किंवा नेटची असते. फोटो चढला आणि थोड्याच मिनिटांत ‘वाचता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर कार्ड मशीनला वाचता आलं नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘माहिती जुळत नाही’ असं आलं, तर फोटो चांगला होता, पण कार्डावरची व्यक्ती आणि अकाउंटवरची व्यक्ती वेगवेगळ्या वाटल्या. ही वेळेची खूण अगदी काटेकोर नाही, पण बहुतेक वेळा दिशा बरोबर दाखवते. तुमच्या लिहिण्यावरून सेल्फी पहिल्या प्रकारात मोडतो आणि आधार तिसऱ्या. दोन वेगळी दुखणी आहेत, औषधंही वेगळी.

आधारपासून सुरुवात करू, कारण खरा गुंता तिथे आहे.

फेसबुकला तुमचा पत्ता नको असतो, आधार क्रमांकही नको असतो. सरकारी ओळखपत्रावर त्यांना नाव आणि जन्मतारीख किंवा नाव आणि फोटो हवा असतो, आणि तो अकाउंटमधल्या माहितीशी जुळायला हवा. आता तुमच्या अकाउंटमध्ये नेमकं काय लिहिलेलं आहे, हे तुम्हाला आज नक्की आठवतंय का? बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून तुमची प्रोफाइल उघडा. नाव कसं लिहिलंय ते अक्षर न् अक्षर बघा: देवनागरीत आहे की इंग्रजीत, मधलं नाव आहे का, आडनावाचं स्पेलिंग कसं आहे. प्रोफाइल फोटो अजून तुमचाच आहे की हॅकरने बदललाय, तेही बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जन्मतारीख.

जन्मतारखेपाशी खूप जण फसतात. अकाउंट उघडताना घाईत 1 जानेवारी टाकलेली असते, किंवा वय कळू नये म्हणून वर्ष पुढेमागे केलेलं असतं, आणि दहा-बारा वर्षांनी ते लक्षातही राहत नाही. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे टाइमलाइनवर मैत्रिणींनी वाढदिवसाच्या शुभेच्छा कोणत्या तारखेला टाकल्या होत्या ते बघणं. तुमचा वाढदिवस ऑगस्टमधला आणि शुभेच्छांची रांग दर 1 जानेवारीला, असं दिसलं तर जन्मतारखेच्या भरवशावर कागद पाठवण्यात अर्थ नाही. मग नाव आणि फोटो या जोडीवर जायचं, म्हणजे ज्या कागदावर तुमचा ओळखू येणारा फोटो आहे असाच कागद निवडायचा.

आता नावाचं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. तुमच्या आधारवर स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव असणार, आणि प्रोफाइलवर स्वतःचं नाव आणि माहेरचं आडनाव. तीन शब्दांपैकी एकच जुळतो. समोर बसलेला माणूस, किंवा मशीन, ‘ही दुसरीच कुणी असेल’ असंच समजणार. फोटो कितीही सुरेख काढला तरी हे बदलणार नाही.

म्हणून आधार बाजूला ठेवा आणि घरातली जुनी कागदपत्रांची पिशवी काढा. तुम्हाला माहेरच्या नावाचा कागद हवाय. पहिली पसंती पॅन कार्डाला. लग्नानंतर अनेकींनी आधार बदललेलं असतं, पण पॅन तसंच राहिलेलं असतं. पॅनवर नाव इंग्रजीत, पूर्ण जन्मतारीख आणि फोटो असतो, आणि पत्ता नसल्यामुळे जास्तीची माहितीही बाहेर जात नाही. लग्नाआधीचं ड्रायव्हिंग लायसन्स अजून चालू असेल तर तेही चालेल, मग ते एमएच 43 चं असो की माहेरच्या आरटीओचं. जुना पासपोर्ट असेल तर त्यात आडनाव आणि बाकीचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत असतं, त्यामुळे नावाचा घोळ कमी होतो.

जुन्या कागदांत दोन खड्डे आहेत. सुरुवातीच्या काळातल्या काही आधार कार्डांवर पूर्ण जन्मतारीख नसून फक्त जन्म वर्ष छापलेलं आहे. आणि जुन्या मतदार ओळखपत्रांवर तारखेऐवजी ‘अमुक वर्षाच्या 1 जानेवारीला वय इतकं’ असं लिहिलेलं असतं. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण जन्मतारीख शोधणाऱ्या मशीनला तिथे तारीखच सापडत नाही. मतदार कार्ड देणार असाल तर ते नाव आणि फोटोसाठीच आहे, असं धरून चाला.

सगळीच कागदपत्रं सासरच्या नावावर असली तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला कामाला येतो. महापालिकेने दिलेल्या दाखल्यात वधूचं माहेरचं नाव असतं. तुम्ही राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर त्या पानावर जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी छापलेलं असतं. हे दोन्ही प्रकार फेसबुकच्या मान्य यादीत बसतात. पुढची पायरी म्हणजे दोन बिनसरकारी कागद एकत्र देणं. तिथे अट अशी की दोन्हींवरचं नाव एकमेकांशी जुळलं पाहिजे आणि त्यातल्या एकावर तरी प्रोफाइलशी जुळणारा फोटो किंवा जन्मतारीख असली पाहिजे. कॉलेजचं जुनं ओळखपत्र आणि माहेरच्या नावाचं बँकेचं स्टेटमेंट, अशी जोडी यात चालू शकते.

आता फोटो. झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेतलेली फाइल पाठवू नका. स्कॅनमध्ये कार्ड सपाट आणि पांढरंफटक होतं, कडा कापल्या जातात, आणि हे खरं कार्ड आहे की कागदावरची नक्कल, ते ओळखायच्या खुणा निघून जातात. काळी-पांढरी झेरॉक्स तर नकोच. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर कार्ड उघडून त्याचा फोटो काढला, तर पडद्याचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांवर बसून लाटांसारख्या रेघा उमटतात. त्या रेघा दिसल्या की हा फोटोचा फोटो आहे, हे लगेच कळतं. डिजिलॉकरचा स्क्रीनशॉटही याच कारणाने सहसा अडतो. हातात धरता येईल असं कार्ड हवं.

कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढा. लॅमिनेशन केलेलं असेल तर ते फाडायला जाऊ नका. टेबलावर गडद, न चमकणारं कापड पसरा. जेवणाच्या टेबलाचं प्लास्टिक कव्हर चमकतं, ते नको. जुना काळा टीशर्टही चालतो. वेळ दिवसाची निवडा आणि खिडकीतून येणारा उजेड कार्डावर बाजूने पडेल असं बसा. डोक्यावरची ट्यूब बंद करा, कारण तीच लॅमिनेशनवर पांढरी पट्टी होऊन उतरते, आणि नेमकी जन्मतारखेवर उतरते. फ्लॅश नाही. चमक राहिलीच तर कार्डाची एक कड पुस्तकाच्या पुठ्ठ्याएवढी उचला, चमक सरकून बाहेर जाते.

फोन कार्डाच्या फार जवळ नेण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात. हल्लीच्या फोनचा मुख्य कॅमेरा अगदी जवळचं नीट फोकस करू शकत नाही. काही फोन अशा वेळी आपणहून दुसऱ्या, रुंद कॅमेऱ्यावर उडी मारतात आणि कार्डाच्या कडा वाकड्या दिसायला लागतात. त्यापेक्षा फोन 25 ते 30 सेंटिमीटर लांब धरा आणि 2x झूम करा. जन्मतारखेच्या आकड्यांवर बोट टेकवून फोकस घ्या, श्वास रोखून फोटो काढा. चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि भोवती बोटभर कापड दिसलं पाहिजे.

काढल्यावर लगेच पाठवू नका. गॅलरीत फोटो मोठा करून बघा: जन्मतारखेचा प्रत्येक आकडा वेगळा दिसतोय का, 3 आणि 8 मध्ये गोंधळ होत नाही ना, नावातलं शेवटचं अक्षर स्पष्ट आहे का. तुम्हाला डोळे बारीक करावे लागले तर मशीनलाही ते वाचता येणार नाही. हिशेब हवा असेल तर, कार्ड 85.6 मिलिमीटर रुंद असतं आणि फोटोत त्याची रुंदी किमान हजारभर पिक्सेल यायला हवी. म्हणूनच फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवू नका. नवऱ्याच्या फोनवर फोटो काढला, तुम्हाला पाठवला, तुम्ही उतरवून घेतला, या प्रवासात फोटो दाबला जातो. समजा शेवटी लांबी 1600 पिक्सेल उरली आणि कार्डाने त्या लांबीचा तिसरा भागच व्यापलाय, तर कार्डाला जेमतेम पाचशे पिक्सेल मिळाले. तेवढ्यात नाव वाचता येतं, पण बारीक आकडे चिकटतात. दुसऱ्या फोनवरून आणायचाच असेल तर व्हॉट्सॲपमध्ये ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आयफोनचा फोटो असेल तर तो जेपीजीमध्ये बदलून घ्या.

फोटोवर काहीही संपादन करू नका. कागद पांढरे करणारं स्कॅनिंग ॲप नको, क्रॉप नको, उजेड वाढवणं नको. आधार द्यावंच लागलं तर myaadhaar.uidai.gov.in वरून मास्क्ड आधार घेता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पण तो प्रिंट केलेला कागद असतो, आणि कागद बघून काही वेळा नकार येतो. मूळ कार्डच द्यायचं ठरलं तर पहिल्या आठ आकड्यांवर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा. फोटो काढल्यानंतर बोटाने काळं फासलं तर फाइलमध्ये फेरफार केल्यासारखं दिसतं. त्याच कारणाने ‘फक्त फेसबुकसाठी’ असं कार्डावर आडवं लिहू नका. बँकेत झेरॉक्स देताना ती सवय चांगली आहे, पण इथे तीच अक्षरं नावावर येतात.

आता सेल्फी. फेसबुक चालवणाऱ्या कंपनीने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की अकाउंट परत देण्यासाठी व्हिडिओ सेल्फी वापरून बघितला जातोय, आणि त्यातला चेहरा अकाउंटच्या प्रोफाइल फोटोंशी ताडून पाहिला जातो. हे वाक्य नीट लक्षात घ्या, कारण व्हिडिओ कितीही चांगला झाला तरी ताडून बघायला समोर चेहरा हवा. तुमच्या प्रोफाइलवर इतकी वर्षं मसाल्याच्या पेजचा लोगो, गणपती किंवा मुलाचा फोटो असेल, तर सेल्फीतून काही निष्पन्न होणार नाही. कागदपत्रांचाच रस्ता धरावा लागेल. बहिणीच्या फोनवरून तुमचे जुने प्रोफाइल फोटो चाळा. स्पष्ट, समोरून काढलेले, एकट्या तुमचे फोटो दिसले तर सेल्फीवर वेळ घालवणं योग्य आहे.

तुमचा व्हिडिओ मात्र जुळवणीपर्यंत पोचतच नाही, आधीच बंद पडतो. याची कारणं साधी असतात. पहिलं, कॅमेऱ्याची परवानगी. अँड्रॉइड 12 पासून वरून ओढायच्या पट्टीत ‘कॅमेरा ॲक्सेस’ नावाचं एक बटण असतं. ते चुकून बंद झालं की सगळ्या ॲपना काळा पडदा मिळतो, आणि दोष त्या ॲपचा वाटतो. ते चालू आहे का बघा, मग सेटिंग्जमध्ये ॲपला कॅमेऱ्याची परवानगी आहे का बघा. दुसरं, लिंक कुठे उघडते. मेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये लिंकवर टॅप केलं की ती त्याच ॲपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे कॅमेरा अनेकदा अडतो. लिंक कॉपी करून क्रोममध्ये उघडा. व्हीपीएन असेल तर बंद करा. कॉलनीतल्या वायफायचा अपलोडचा वेग कमी असेल तर मोबाइल डेटावर जा. व्हिडिओ पूर्ण झाल्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ येत असेल तर बहुधा अपलोडच तुटतोय.

उजेडाची कारणं आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ठरलेली आहेत. पाठ खिडकीकडे केली की चेहरा काळा. तोंड खिडकीकडे केलं आणि खिडकीला बॉक्स ग्रिल असेल, तर दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर गजांच्या सावल्या पडतात. त्या सावल्या डोळ्यांवर आणि नाकावर आल्या की चेहऱ्याचा आकारच तुटतो. सकाळी किंवा ढगाळ दुपारी, खिडकीपासून मीटरभर आत, तोंड खिडकीकडे करून बसा. स्वस्त एलईडी बल्ब डोळ्यांना स्थिर वाटतो, पण व्हिडिओत त्याच्या आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. फोनच्या कॅमेऱ्यात आधी साधा व्हिडिओ काढून बघा, पट्ट्या दिसल्या तर बल्ब बंद. पुढच्या कॅमेऱ्याची काच ओढणीच्या टोकाने पुसा. काचेवर तेलाचा नुसता हात लागलेला असला तरी सगळं धुरकट येतं.

ब्यूटी मोड बंद करा. काही फोनमध्ये तो कॅमेऱ्याच्या ॲपपुरता नसतो, व्हिडिओ कॉलसाठी वेगळा चालू असतो आणि दुसऱ्या ॲपमध्येही घुसतो. चष्मा काढा, जुन्या फोटोंमध्ये कायम चष्मा असला तरी, कारण काचेवरची चमक डोळे झाकते. टिकलीने काही अडत नाही. केस कपाळावरून आणि कानांवरून मागे घ्या. फोन डोळ्यांच्या पातळीवर, हातभर लांब. आणि मान सांगतील तिकडे हळू वळवा: एका बाजूला जायला दोन-तीन सेकंद, तिथे क्षणभर थांबा, मग परत. घाईत मान झटकली की चित्र पुसट होतं आणि समोर जिवंत माणूस आहे याची खात्री पटत नाही.

आता कुठून आणि कोणत्या फोनवरून करायचं. ज्या फोनवर ते अकाउंट वर्षानुवर्षं चालवलंत, तोच फोन, तेच घरचं वायफाय किंवा तेच सिमकार्ड. सायबर कॅफेतला किंवा भाच्याचा लॅपटॉप फेसबुकला अनोळखी असतो, आणि अनोळखी उपकरणावरून आलेली विनंती जास्त संशयाने बघितली जाते. तुमच्या फोनवर facebook.com/hacked उघडा. अकाउंट सापडत नसेल तर facebook.com/login/identify वर जुना ईमेल, जुना नंबर आणि नाव, तिन्ही एकेक करून टाकून बघा.

हे करण्याआधी जुन्या ईमेलचा इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही धुंडाळा. ईमेल बदलला की जुन्या पत्त्यावर फेसबुकची सूचना येते, आणि ‘हे मी केलं नाही’ अशा अर्थाची लिंक तिच्यात असते. ती चालली तर कागद, सेल्फी काहीच लागत नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा शेवट facebookmail.com असाच आहे, हे अक्षर न् अक्षर बघा. एखादं अक्षर कमी-जास्त असेल तर ती लिंक उघडू नका.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी जुना इनबॉक्स आणि बहिणीच्या फोनवरून प्रोफाइलची तपासणी. दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीच्या उजेडात, माहेरच्या नावाच्या पॅनचा फोटो. तो नसेल तर लग्नाचा दाखला. एकच कागद, एकदाच पाठवायचा. प्रोफाइलवर तुमचे स्वतःचे फोटो असतील आणि सेल्फीचा पर्याय दिसत असेल, तर त्याच बैठकीत सेल्फीही. मग थांबायचं. उत्तर येण्याआधी दुसरा अर्ज केला तर दोन अर्ज एकमेकांत अडकतात. आलेल्या प्रत्येक संदेशाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, शब्दशः.

पुन्हा नकार आला आणि कारण दिलंच नाही, तर भारतासाठी नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच जपून ठेवा. माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार असा अधिकारी असणं बंधनकारक आहे. त्याच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर 30 दिवसांच्या आत gac.gov.in वर तक्रार अपील समितीकडे अपील करता येतं. या समित्या 2023 पासून आहेत आणि सगळं ऑनलाइन आहे. अपिलात लांबलचक कहाणी नको: अकाउंटची लिंक, ते कधी गेलं, कोणता कागद कधी पाठवला, काय उत्तर आलं. चार ओळी आणि स्क्रीनशॉट.

हॅकरने तुमच्या नावाने ओळखीच्यांकडे पैसे मागितले असतील, तर हे सगळं थांबवून आधी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. कुणाचे पैसे गेले असतील तर त्यांना 1930 वर लगेच फोन करायला सांगा. आणि ‘तीन हजारांत अकाउंट परत आणून देतो’ म्हणणारे टेलिग्रामवर भेटतील. ते आधी आधारचा फोटो मागतात. त्यांना एकही कागद देऊ नका. तुमचा कागद फक्त facebook.com च्या पानावर चढवायचा.

अकाउंट परत आलं की त्याच दिवशी ईमेल, नंबर आणि पासवर्ड बदला आणि दोन पायऱ्यांची सुरक्षा चालू करा. पेजवर मैत्रिणीला किंवा नवऱ्याला दुसरा ॲडमिन करा, म्हणजे तुमचं अकाउंट अडकलं तरी मसाल्यांच्या ऑर्डर अडकणार नाहीत. प्रोफाइलला तुमचा समोरून काढलेला एक स्पष्ट फोटो लावा आणि जन्मतारीख पॅनप्रमाणे दुरुस्त करा. नाव बदलून सासरचं करायचं असेल तर शांतपणे ठरवा, कारण एकदा बदललं की पुढचे 60 दिवस ते पुन्हा बदलता येत नाही.